अर्ध्या गुंठ्यावरून अख्खं गाव

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझे काका तेव्हा लातूरकडच्या एका गावात तलाठी होते आणि दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एका सकाळी ते मला सोयाबीनच्या शेतात घेऊन गेले. सोबत कोतवाल होता. त्याच्याकडे चार खुंट्या, सुतळीचं बंडल, टेप आणि तागडी. शेताच्या एका कोपऱ्यावर उभं राहून काकांनी खिशातून एक कागद काढला, त्यावरचे दोन आकडे वाचले आणि बांधाच्या कडेने पावलं मोजत चालायला लागले. शेतमालक मागून म्हणाला, "भाऊसाहेब, तिकडं कशाला जाताय? हिकडं घ्या ना, हिथं पाणी साचून पीक बसलंय." काका हसले आणि म्हणाले, "दादा, कुठं घ्यायचं ते मी ठरवत नाही, हा कागद ठरवतो."

तेव्हा मला तो माणूस खोटं बोलतोय असं वाटलं होतं. ते मत बदलायला मला बरीच वर्षं लागली. त्याच्या शेतात पाणी साचलेलं होतं, हे खरंच होतं. प्रश्न एवढाच होता की सुतळीत अडकलेला तो ५० चौरस मीटरचा तुकडा, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, नेमकं कोणाबद्दल बोलणार होता: त्या शेताबद्दल, त्या गावाबद्दल की सगळ्या जिल्ह्याबद्दल? या एका प्रश्नावर आपल्या देशात गेली शंभर वर्षं काम झालंय, भांडणंही झाली आहेत. त्यातलं एक भांडण तर फार मोठ्या माणसांचं होतं.

आण्यात मोजलेलं पीक

पीक कापून वजन करण्याआधी सरकार उत्पादन कसं काढत होतं? नजरेनं. चांगलं, नेहमीसारखं पीक म्हणजे सोळा आणे. यंदाचं पीक बघून गावकामगार सांगणार, "दहा आणे आलंय." मग जिल्ह्यातलं पेऱ्याखालचं क्षेत्र, गुणिले 'सर्वसाधारण' एकरी उतारा, गुणिले दहा भागिले सोळा, झालं जिल्ह्याचं उत्पादन. हीच आणेवारी. पुढे आणे गेले आणि तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते, ती याच शब्दाच्या वारशातून.

या गुणाकारात क्षेत्राचा आकडा त्यातल्या त्यात बरा असायचा, कारण रयतवारी भागात तलाठी किंवा पटवारी पीकपाहणी करून नोंदी ठेवायचा. कच्चे दुवे होते उरलेले दोन. 'सर्वसाधारण' म्हणजे नक्की किती मण, हे कोणे एके काळी कोणीतरी ठरवलेलं असायचं. आणि आण्यांचा अंदाज देणाऱ्या माणसाला माहीत असायचं की आकडा कमी सांगितला तर शेतसाऱ्यात सूट मिळू शकते आणि जास्त सांगितला तर गावाचा रोष घ्यावा लागतो. आकडा कुठल्या बाजूला झुकणार, हे त्यामुळे आधीच ठरलेलं असे.

हबक यांचा त्रिकोण

हा अंदाज बाजूला ठेवून प्रत्यक्ष पीक कापायचं, आणि कुठलं कापायचं ते माणसाच्या मर्जीवर न ठेवता नशिबावर सोडायचं, हे पद्धतशीरपणे करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होते जे. ए. हबक नावाचे आयसीएस अधिकारी. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी बिहार आणि ओरिसा प्रांतात भाताच्या उताऱ्याचे नमुने घेतले आणि १९२७ मध्ये पुसाच्या कृषी संशोधन संस्थेनं त्यांचा अहवाल छापला.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. त्यांनी पीक कापायला एक त्रिकोणी चौकट वापरली. तिचं क्षेत्रफळ बरोबर एकराचा ३२००वा भाग, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस फूट. ३२०० का? कारण एक मण म्हणजे चाळीस शेर, आणि एक शेर म्हणजे ऐंशी तोळे. म्हणजे मणात तोळे ३२००. त्यामुळे त्रिकोणातलं धान्य जितके तोळे भरेल, तितके मण एकरी उतारा. शेतात उभ्या असलेल्या कारकुनाला भागाकार-गुणाकार काही करायचा नाही. म्हणजे चूक करायची एक जागाच कमी झाली. आपण प्रोग्रॅम लिहिताना एककं अशी निवडतो की रूपांतराची ओळच लागू नये, तोच हा विचार.

काकांच्या सुतळीतही हाच विचार होता. त्यांचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर. हेक्टरमध्ये असे २०० तुकडे बसतात. तुकड्यात वाळलेलं सोयाबीन ८ किलो भरलं तर हेक्टरी १६०० किलो, म्हणजे १६ क्विंटल.

पण हबक यांच्या सोयीच्या त्रिकोणात एक खोट लपलेली होती. ती उघडी पडायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

कोलकाता विरुद्ध दिल्ली

१९३०च्या दशकाच्या शेवटी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाचं सर्वेक्षण सुरू केलं. बंगालची अडचण वेगळी होती. तिथे कायमधारा पद्धत होती, साऱ्याची रक्कम एकदाच ठरलेली. त्यामुळे दरवर्षी शेतोशेत जाऊन नोंद ठेवणारा पटवारी तिथे नव्हताच. महालनोबिस यांना क्षेत्रही नमुन्यावरूनच काढावं लागणार होतं आणि माणसंही स्वतः नेमावी लागणार होती. पगारी, शिकवलेली, गावोगाव फिरणारी माणसं ठेवायची तर प्रत्येक कापणीला वेळ कमी लागला पाहिजे. म्हणून त्यांचा कल होता लहान तुकड्यांकडे: काही फूट त्रिज्येचं वर्तुळ, झटपट कापा, पुढच्या शेतात चला. लहान तुकडे, पण भरपूर.

दिल्लीत तेव्हा शेतीसंशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले, लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांच्या जोडीला इंदूरचे विनायक गोविंद पानसे. पानसे यांनी कळमकरांबरोबर १९४२-४३ मध्ये अकोला जिल्ह्यात कापसावर नमुना कापणीचा प्रयोग केला होता. या मंडळींचं म्हणणं उलटं होतं. आपल्या बहुतेक प्रांतांत पटवारी, तलाठी, महसूल निरीक्षक आधीच आहेत. त्यांच्याकडूनच कापणी करून घ्या. पण ही माणसं संख्याशास्त्रज्ञ नाहीत, तेव्हा तुकडा एवढा मोठा ठेवा की त्यांच्या हातून होणारी छोटी चूक त्यात विरून जाईल.

ती 'छोटी चूक' म्हणजे काय, हे काकांच्या शेतात मी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. सुतळी ताणली की काही रोपं बरोबर सुतळीवर येतात. त्यांना आत धरायचं की बाहेर? नियम असा की बुंधा सुतळीच्या आत असेल तर रोप आत, बाहेर असेल तर बाहेर. पण माणूस खाली वाकून कापत असतो, हातात विळा असतो, समोर चांगलं भरलेलं झाड असतं. ते सोडवत नाही. बहुतेक वेळा काठावरचं झाड आत ओढलं जातं. कुणाची लबाडी असतेच असं नाही. हाताची सवयच तशी असते.

आता हिशोब करून बघू. समजा कापणारा चहूबाजूंनी फक्त दोन इंचाची पट्टी जास्त कापतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्रिज्या २४ इंचांऐवजी २६ इंच झाली; क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढलं. तीच दोन इंचाची पट्टी ३३ फूट बाजूच्या त्रिकोणाला लावा: परिमिती ९९ फूट, क्षेत्रफळ सुमारे ४७२ चौरस फूट, आणि वाढ फक्त साडेतीन टक्क्यांची. चूक तीच, हात तोच. लहान तुकड्याला त्याच्या पोटाच्या मानाने काठ जास्त असतो, एवढाच फरक.

सुखात्मे यांनी हे कागदावर सोडलं नाही. मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांमध्ये त्यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून घेतले: ३३ फूट बाजूचा त्रिकोण, त्याच्या निम्म्या बाजूचा, त्याच्याही निम्म्या बाजूचा, आणि तीन फूट व दोन फूट त्रिज्येची वर्तुळं. तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगलेला. सर्वांत लहान वर्तुळात हा फुगवटा चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. १९४६-४७ मध्ये हे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत छापून आले आणि कोलकाता-दिल्ली वादाला तोंड फुटलं.

कोलकात्याचं उत्तर असं होतं की दोन फुटी वर्तुळाचा दोष आम्हालाही ठाऊक आहे, पण थोडं मोठं वर्तुळ आणि नीट शिकवलेला माणूस असला की तो उरत नाही. उलट तुमचे पटवारी शेकडो कामांत गुंतलेले, ते मन लावून कापतील याची हमी काय? दोन्ही बाजूंना आपापल्या जागी आधार होता. एकाने माणूस सुधारायचं ठरवलं, दुसऱ्याने माणूस आहे तसा गृहीत धरून पद्धत त्याला सोसेल अशी बनवली. देशभर शेवटी दुसरी वाट रुळली. वादाच्या खुणा मात्र अजून आहेत: पश्चिम बंगालमध्ये वर्तुळ कापतात, उत्तर प्रदेशात त्रिकोण, आणि बहुतेक राज्यांत ५ बाय ५ मीटरचा चौकोन किंवा आपल्याकडचा १० बाय ५चा आयत.

कागद जागा कशी ठरवतो

काकांच्या कागदावरचे आकडे म्हणजे यादृच्छिक संख्या होत्या. निवड पायरीपायरीने होते. आधी तालुक्यातल्या त्या पिकाच्या गावांतून काही गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. मग प्रत्येक गावातून दोन गट नंबर. मग त्या गटातल्या शेतात एक तुकडा.

समजा शेत १२० मीटर लांब, ४५ मीटर रुंद आहे. तुकडा १० बाय ५चा, म्हणून लांबीतून १० आणि रुंदीतून ५ वजा करायचे. उरले ११० आणि ४०. नाहीतर तुकडा बांधाबाहेर जाईल. कागदावरून ११०च्या आतली एक संख्या घ्यायची, समजा ७३. आणि ४०च्या आतली एक, समजा १८. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने ७३ चालायचं, तिथून काटकोनात वळून १८ आत जायचं आणि पहिली खुंटी ठोकायची. चारी खुंट्या झाल्या की कर्ण मोजायचा. १० बाय ५च्या आयताचा कर्ण ११.१८ मीटर आलाच पाहिजे. नसेल तर आयत कललेला आहे आणि क्षेत्रफळ ५० राहिलेलं नाही.

यातही फटी आहेत. निवडलेल्या गटात ते पीक नसेल तर पुढचा गट घ्यायचा, अशी सोय असते. समजा गट ४१ ते ४५ मध्ये ऊस आहे आणि ४६ मध्ये सोयाबीन. मग ४१ ते ४६ यांपैकी कुठलाही आकडा निघाला तरी लॉटरी ४६लाच लागणार. बाकीच्यांकडे एक तिकीट, त्याच्याकडे सहा. आणि उसाला लागून असलेलं शेत बहुधा पाण्याखालचं असतं, म्हणजे ते सरासरी शेत नव्हेच.

दुसरी फट ओळींची. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलं असेल तर पाच मीटर रुंदीत अकरा ओळी बसतात आणि थोडी जागा उरते. बारावी ओळ सुतळीला घासून जात असेल आणि ती आत धरली, तर एका झटक्यात उतारा नऊ टक्क्यांनी वाढला. मोठा तुकडा घेऊनही सुखात्म्यांचं भूत पूर्ण उतरत नाही ते असं.

किती कापण्या पुरतात

आता मूळ प्रश्न. जिल्ह्याची सरासरी काढायला किती तुकडे कापायचे? इथे सुखात्मे-पानसे यांच्या कामाचा गाभा आहे, आणि तो अंतर्ज्ञानाच्या थोडा विरुद्ध जातो. उताऱ्यातला फरक तीन ठिकाणी राहतो: एकाच शेतात इथे-तिथे, एकाच गावात शेता-शेतांत, आणि गावा-गावांत. प्रत्यक्षात दिसलं की शेताच्या आतला फरक बाकी दोघांच्या मानाने लहान आहे. म्हणून एका शेतात एकच तुकडा बास. मेहनत घ्यायची ती जास्त गावांत जाण्याची.

सोपं जावं म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. सरासरी उतारा हेक्टरी १२ क्विंटल. गावागावांतलं विचरण ९ आणि गावातल्या शेताशेतांतलं विचरण १६. सरासरीच्या अंदाजातलं विचरण असं येतं:

```
V = 9/n + 16/(n*m)
n = गावं, m = गावागणिक शेतं
```

४० गावं आणि प्रत्येकी २ शेतं, एकूण ८० कापण्या: ०.२२५ अधिक ०.२००, म्हणजे ०.४२५. त्याचं वर्गमूळ ०.६५ क्विंटल, सरासरीच्या साडेपाच टक्के. आता कापण्या दुप्पट करा, पण त्याच ४० गावांत चार-चार शेतं घेऊन. चूक येते पावणेपाच टक्क्यांवर. दुप्पट घामाला एवढंच फळ. त्याच १६० कापण्या ८० गावांत दोन-दोन केल्या तर चूक ३.८ टक्क्यांवर उतरते. गावातून 'दोनच शेतं' हा नियम इथून आला: एक घेतलं तर गावाच्या आतला फरक कळत नाही, दोन घेतली की कळतो, आणि त्याहून जास्त घेण्यापेक्षा पुढच्या गावची एसटी पकडलेली बरी.

या सूत्रात एक गोष्ट नाहीच: जिल्हा किती मोठा आहे. छोट्या जिल्ह्याला आणि मोठ्या जिल्ह्याला साधारण तेवढ्याच कापण्या लागतात. ही बातमी सरकारला फार सुखाची होती. देशाचा, राज्याचा, जिल्ह्याचा आकडा थोडक्या खर्चात मिळू लागला. हीच गोष्ट उलटी वाचली की मात्र पोटात गोळा येतो. छोट्या गावालाही जिल्ह्याइतक्याच कापण्या लागतात.

जेव्हा आकड्यावर पैसे लागतात

सुखात्मे-पानसे यांची पद्धत धान्याचा साठा, आयात, दर ठरवण्यासाठी जन्मली. पिकविम्यात त्याच कापणीच्या आकड्यावरून ठरू लागलं की एका मंडळातल्या, एका गावातल्या शेतकऱ्यांना भरपाई मिळणार की नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापण्यांची किमान संख्या ठरवून दिली: तालुक्याला १६, महसूल मंडळाला १०, आणि विम्याचं एकक गाव असेल तर मुख्य पिकासाठी ४.

चार. वरचेच काल्पनिक आकडे गावाला लावू. गाव एकच, म्हणून गावागावांतल्या फरकाचा प्रश्न नाही. शेताशेतांतलं विचरण १६, भागिले ४, म्हणजे ४; वर्गमूळ २ क्विंटल. बारा क्विंटलच्या सरासरीवर दोन क्विंटलची चूक, जवळजवळ १७ टक्के. समजा भरपाईचा उंबरठा १० क्विंटल आहे आणि गावाचा खरा उतारा ९ आहे. गावाला भरपाई मिळायला हवी. पण चार कापण्यांची सरासरी १० किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता साधारण ३१ टक्के निघते. म्हणजे अशी दहा गावं घेतली तर तीन गावं रास्त भरपाईला मुकतात. त्यांचा तलाठी प्रामाणिक, सुतळी ताठ, कर्ण ११.१८, तरीही. आणि काठावरच्या रोपांचा फुगवटा यात धरलेलाच नाही. तो धरला तर गणित आणखी त्यांच्या विरोधात जातं.

उलट बाजूही आहे. खरा उतारा ११ असताना चार कापण्या १०च्या खाली आल्या तर विमा कंपनी नुकसानीत जाते. तिचे प्रतिनिधी म्हणून कापणीला हजर राहतात. गावही हजर असतं. आणेवारीच्या काळात एकट्या माणसाच्या मनात चालणारी ओढाताण आता सुतळीच्या दोन्ही बाजूंना उभी राहून उघडपणे चालते.

ही ओढाताण आकड्यांत दिसते का? दिसते. १९७३-७४ पासून केंद्र सरकार एका योजनेखाली काही कापण्यांची नमुना तपासणी करून घेतं. वरिष्ठ माणूस समोर असताना झालेल्या कापण्या आणि एकट्यानं केलेल्या कापण्या, यांच्या सरासरीत तफावत असेल तर ती नशिबाची म्हणून सोडून देता येत नाही. कापण्यांची वजनं सारखी पूर्ण किलोतच येत असतील, किंवा गावातली दोन शेतं नेहमी जुळ्यासारखी निघत असतील, तर ती कापणी शेतात झाली की चावडीवर, हे विचारावं लागतं. आता कापणीचे फोटो आणि जीपीएस मोबाइल अ‍ॅपमधून वर जातात. त्यावरून माणूस कुठे उभा होता ते कळतं. बारावी ओळ आत धरली की बाहेर, हे त्यातून कळत नाही.

काका आता निवृत्त झालेत. मागच्या गणपतीत मी त्यांना चार कापण्यांचा हिशोब फोनवर दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "त्या दिवशी त्या दादांच्या शेतात कागद कोरड्या भागात घेऊन गेला होता. साडेनऊ किलो भरलं. मला ठाऊक होतं की निम्मं शेत पाण्यात आहे. पण मी खुंटी हलवली असती, तर पुढच्या शेतात कशाच्या आधारानं नाही म्हणालो असतो?"

खुंटी न हलवण्यात ते बरोबर होते. चूक होती ती तसल्या चारच खुंट्यांवरून गावाचा निकाल लावण्यात, आणि तो निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता.